दुकानातली ती 'ग्राहक' पाटी खरंच गांधीजींची का?

(मोबाईलवरचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी. हा फोटो म्हापशाच्या बाजारातला. गल्ल्याच्या वर पाटी आहे बघा: 'ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत. तो आपल्या कामातला अडथळा नाही, तोच आपल्या कामाचा हेतू आहे.' खाली नाव, महात्मा गांधी. हीच पाटी मी पणजीत एका काउंटरवरही पाहिलीय. तिच्याच खाली बसलेल्या गृहस्थांनी मला तिसऱ्यांदा 'फाल्यां येयात' म्हणून परत पाठवलं होतं. असो.

काही पाट्यांवर आणखी एक ओळ असते: 'दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०'. चोर सापडतो तो इथेच. १८९० साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत, डर्बन बंदरात ते उतरले मे १८९३ मध्ये!

पण थांबा. साल चुकलं म्हणून वाक्यही खोटं, असं होत नाही. पाटी रंगवणाऱ्याचा हात चुकू शकतो. म्हणून पुढची पायरी, त्यांचं समग्र लेखन. इंग्रजीत १०० खंड आहेत, पहिला १८८४ पासूनच्या कागदांनी सुरू होतो, आणि सगळे ऑनलाइन शोधता येतात. मी शोधलं. हे वाक्य हाती लागलं नाही.

आता उलट्या बाजूने यायचं. जुन्या छापील मजकुरात शोधताना 'ग्राहक महत्त्वाचा' असलं काही टाकू नका, ते तर प्रत्येक दुकानदार म्हणतो. वाक्यातला आडवळणाचा तुकडा घ्या. इथे तो 'कामातला अडथळा नाही' हा. मूळ इंग्रजी शब्द घालून तो शोधत मागे गेलं की आपण पोचतो १९४१ मध्ये, 'प्रिंटर्स इंक' या जाहिरात धंद्याच्या अमेरिकन मासिकापाशी. तिथे हे शब्द आहेत केनेथ बी. एलियट यांचे. हे गृहस्थ स्टुडबेकर या मोटार कंपनीत विक्रीचे उपाध्यक्ष!

एक खड्डा मात्र सांभाळा. जुन्या मासिकांचे स्कॅन शोधताना दिसणारं साल कधीकधी त्या मासिकाच्या पहिल्या अंकाचं असतं, तुमच्या अंकाचं नव्हे. त्यामुळे पानावर छापलेली तारीख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय साल लिहू नका. आणि १९४१ हे आजवर सापडलेलं सर्वात जुनं ठिकाण. उद्या कुणाला १९३५ चा अंक मिळाला, तर एलियटसाहेबांचंही नाव खाली उतरवावं लागेल.

म्हापशाच्या त्या दुकानदाराला मी हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "बरं, पण मोटारी विकणाऱ्याचं नाव घातलं तर पाटी वाचणार कोण?"