पाचव्या मणक्याचा डावा स्क्रू

बीडकडच्या ऊसतोड करणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या एका बाईंची केस नमुना म्हणून समोर ठेवू. कंबरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलेला आहे आणि थोडे चालले की दोन्ही पोटऱ्या भरून येऊन त्यांना खाली बसावे लागते. छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयात नसांवरचा दाब मोकळा करून हे दोन मणके जोडायचे ठरले. इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मणके जोडले जातात ते मध्ये घातलेले हाड, म्हणजे बोन ग्राफ्ट, धरल्याने. स्क्रू आणि रॉड हे हाड धरेपर्यंतच्या काही महिन्यांत मणक्यांना हलू देत नाहीत, एवढेच त्यांचे काम असते. हाड धरलेच नाही, तर धातू कितीही चांगला असला तरी तो एक दिवस सैल होतो किंवा मोडतो.

मणक्याचा पुढचा जाड गोल भाग आणि मागची हाडांची कमान यांना जोडणारे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन आखूड हाडी पूल असतात. त्यांनाच पेडिकल म्हणतात. बाहेरून टणक कवच आणि आत जाळीदार हाड अशी त्यांची रचना असल्यामुळे मागून शिरलेला स्क्रू या पुलातून पुढच्या गोल भागात जाऊन घट्ट बसतो. 1963 पासून फ्रान्समध्ये रेमों रॉय-कामिय यांनी हा मार्ग वापरायला सुरुवात केली. अडचण पुलाच्या शेजाऱ्यांची आहे. पेडिकलच्या आतल्या, म्हणजे मध्याकडच्या, भिंतीला खेटून नस खाली उतरते आणि त्याच पेडिकलच्या खालच्या कडेवरून बाहेर पडते. म्हणून स्क्रू आत किंवा खाली सरकला तर नस कचाट्यात सापडते. बाहेरच्या बाजूला सरकला तर बहुतेक वेळा पकड कमी होण्यावर भागते.

आता पाचव्या मणक्याची डावी बाजू जवळून पाहू. वरच्या सांध्याच्या फुगवट्याची बाहेरची कड आणि आडव्या फाट्याची मध्यरेषा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे शिरण्याची जागा असते. टोचणीने कवच फोडून बोथट टोकाचा प्रोब हळूहळू आत ढकलतात. या मणक्याचे पेडिकल चांगले रुंद असते. ते सोळा मिलिमीटर धरले, तर साडेसहा मिलिमीटरच्या स्क्रूच्या दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेपाच मिलिमीटर उरतात. हे ऐकून निर्धास्त व्हावेसे वाटते, पण पाचव्या मणक्यात रुंदीपेक्षा कोन अधिक फसवा असतो. कंबरेच्या पहिल्या मणक्यात स्क्रू जवळपास सरळ जातो. पाचव्यात मात्र तो 25 अंशांच्या आसपास मध्याकडे वळवावा लागतो.

या बाईंचा सांधा झिजून त्याच्या कडेला हाड वाढले होते आणि खुणेची जागा त्याखाली झाकली गेली होती. ते वाढलेले हाड आधी कुरतडून काढायला हवे होते. ते राहिल्याने शिरण्याची जागा चार-पाच मिलिमीटर आत सरकली, म्हणजे आतल्या बाजूची सगळी शिल्लक तिथेच संपली. त्यात कोन दहा अंशांनी अधिक झाला, तर वीस मिलिमीटरच्या प्रवासात टोक आणखी साडेतीन मिलिमीटर आत जाते. शस्त्रक्रिया चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या सी-आर्म यंत्रावर बाजूने घेतलेल्या चित्रात स्क्रू अगदी सुरेख दिसला, कारण त्या चित्रात आत-बाहेरचा फरक दिसतच नाही. समोरून घेतलेल्या चित्रात पेडिकल लांबट गोलासारखे दिसते. बाजूच्या चित्रात प्रोबचे टोक मणक्याच्या गोल भागाच्या मागच्या कडेला पोहोचते, तोपर्यंत समोरच्या चित्रात ते या गोलाची आतली कड ओलांडून गेलेले नसावे. ओलांडले असेल, तर वाट नसांच्या पोकळीतून गेली असे समजावे. स्क्रू घालण्याआधी गोळीटोकाच्या बारीक तारेने वाटेच्या चारही भिंती आणि तळ चाचपतात; हाडाची खरखर लागायच्या जागी तार मऊ लागून आत गेली की भिंत फुटलेली आहे. माझ्या मते ही चाचपणी घाईत उरकण्याइतकी महाग बचत दुसरी नाही.

शुद्धीवर आल्यावर बाईंना डाव्या पायाचा अंगठा वर उचलता येईना. नडगीच्या बाहेरच्या बाजूपासून पावलाच्या वरच्या भागापर्यंत आग होत होती. हा कंबरेच्या पाचव्या नसेचा पट्टा आहे. रक्ताची गाठ साचूनही असे होऊ शकते, म्हणून अंदाजावर न राहता लगेच सीटी स्कॅन केला. स्क्रू आतल्या भिंतीच्या पाच मिलिमीटर पलीकडे होता. गर्ट्झबाइन आणि रॉबिन्स यांच्या प्रतवारीत दोन मिलिमीटरपर्यंतची चूक 'बी' आणि चार ते सहा मिलिमीटरची 'डी' गणली जाते. त्याच दिवशी तो स्क्रू काढून बाहेरच्या बाजूने नवी वाट करण्यात आली. आग लवकर ओसरली. अंगठ्याची ताकद मात्र हळूहळू येते आणि कधी पूर्ण येतही नाही.

याच स्कॅनमध्ये उजवीकडचा चौथ्या मणक्यातला स्क्रू बाहेरच्या भिंतीतून जेमतेम दीड मिलिमीटर डोकावत होता. त्या बाजूला ना दुखणे होते, ना ताकद कमी झाली होती, आणि पकडही पक्की होती. म्हणून त्याला हात लावला गेला नाही.