भोक कुठलं आणि गोधडी कुठली

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला गाठलं. म्हणाले, "ओझोनला भोक पडलंय, तिथून ऊन जास्त येतं, म्हणून उन्हाळा वाढला. बरोबर ना?" हे ऐकायला इतकं सरळ वाटतं की चुकीचं आहे म्हणायला जीव होत नाही. पण चुकीचंच आहे.

काकांना मी उलटा प्रश्न विचारला. ऊन जास्त येतं म्हणून तापलं असेल, तर रात्रीचं काय? तापमानवाढ रात्रींतही दिसते आणि रात्री सूर्य नसतो. म्हणजे येणाऱ्या उन्हाइतकंच जाणाऱ्या उष्णतेकडेही बघायला हवं.

निफाडचे द्राक्षवाले हे चांगलं जाणतात. डिसेंबरातल्या रात्री आभाळ निरभ्र असलं की पारा घसरतो आणि बागेत शेकोट्या पेटतात. ढग आले की थंडी कमी. दिवसभर तापलेली जमीन रात्री न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून उष्णता वर सोडत असते. ढग ती अडवतात आणि त्यातली काही खाली परत पाठवतात. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ हे वायू तेच करतात, फक्त ते दिसत नाहीत आणि रात्रंदिवस असतात. ही गोधडी मुळात वाईट नाही. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान आज आहे तसं १५ अंशांच्या आसपास नसतं, उणे १८ असतं. अडचण एवढीच की आपण ती जाड करत चाललोय. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे २८० रेणू होते, आज ४२० च्या वर आहेत.

आता ओझोन. तो बहुतेक १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो आणि त्याचं काम वेगळं: येणाऱ्या उन्हातले घातक अतिनील किरण गाळणं. तो सगळा खाली आणून जमिनीवर पसरला तर थर जेमतेम तीन मिलिमीटरचा होईल! दक्षिण ध्रुवावर सप्टेंबर-ऑक्टोबरात तो २.२ मिलिमीटरच्याही खाली जातो, त्याला 'भोक' म्हणायची पद्धत पडली. आरपार छिद्र वगैरे काही नाही, आणि ते आपल्या डोक्यावर तर नाहीच. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात वर इतकी थंडी पडते की तिथेही बर्फाळ ढग तयार होतात. त्या ढगांवर फ्रिज-एसीच्या जुन्या वायूंमधला क्लोरीन मोकळा होण्याच्या तयारीला लागतो आणि वसंतात सूर्य उगवला की ओझोन फोडत सुटतो. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅली बे तळावरच्या मोजमापांवरून ही घट जगापुढे आणली, आणि १९८७ मध्ये असे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी मॉन्ट्रियलचा करार झाला. या घटीने त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. जग मात्र त्याने तापत नाही. ओझोन स्वतःही थोडी उष्णता धरतो, त्यामुळे तो वर घटला तर झाला तर किंचित थंडावाच.

मग गोंधळ होतो कुठे? मला वाटतं, एसीत. कारण काही वायू दोन्हीकडे हात मारतात. जुन्या एसीतला आर-२२ घ्या. त्यात क्लोरीन आहे, म्हणून तो ओझोनला खातो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरतो. त्याच्या जागी आर-४१०ए आला. त्यात क्लोरीन नाही, ओझोनला धोका शून्य. डब्यावर 'ओझोन फ्रेंडली' लिहिलं ते खरंच होतं. पण गोधडीच्या बाबतीत तो आर-२२ पेक्षाही वरचढ, २००० च्या वर. म्हणजे एक प्रश्न सुटला आणि दुसरा जागच्या जागी राहिला. आता येणारा आर-३२ पावणेसातशेच्या आसपास आहे. बरा आहे, निरुपद्रवी नाही.

हा आकडा घरात आणून बघा. दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर वायू असतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की सव्वादोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे आर-४१०ए चा किलोभर वायू हवेत गेला तर तो सुमारे नऊशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखा.

माझ्याच घर बदलण्याच्या वेळी एका मेकॅनिकने पाइपाचा नट सैल केला आणि 'फुस्स' करून सगळा वायू सोडून दिला. "नवीन भरू की, साहेब." खरं तर बाहेरच्या युनिटचा बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर थोडा वेळ चालवला की वायू बाहेरच्या युनिटमध्येच गोळा होतो. मग जाड पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच मशीन थांबवायचं. मेकॅनिक याला 'पंप डाउन' म्हणतात. काही मिनिटांचं काम आहे, आणि नवीन वायूचे पैसेही वाचतात. पुढच्या वेळी मी नट सैल होण्याआधीच विचारलं, "पंप डाउन केलंत का?"