साज आपला, चेहरा कोणाचा?

(कोल्हापुरात सराफ आणि जाहिरातींचे डिझाइन करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

दसरा जवळ आला की गुजरीतल्या पेढ्यांची जाहिरातीची घाई सुरू होते, आणि अलीकडे त्या घाईत संगणकाला दिली जाणारी एक ओळ सर्रास लिहिली जाते. ती साधारण अशी असते: 'अमुक प्रसिद्ध अभिनेत्री नऊवारी नेसून, गळ्यात कोल्हापुरी साज घालून, आमच्या पेढीच्या दारात उभी आहे आणि ग्राहकांना बोलावते आहे.' मिनिटभरात चित्र तयार होते, रात्री फ्लेक्स छापला जातो आणि सकाळी तो चौकात लागतो. आज मला या एकाच ओळीबद्दल बोलायचे आहे, कारण घोटाळ्याची सुरुवात फ्लेक्स लावण्यापासून होत नाही, ती ओळ लिहिण्यापासूनच होते.

त्या चित्रात ग्राहकाला एक अभिनेत्री दिसते, पण त्याला कळते ते वेगळेच. तिने हा दागिना पाहिला, तिला तो पटला आणि या पेढीशी तिचा काही व्यवहार झाला, असे तो समजतो. यातले काहीच घडलेले नसते. म्हणजे जाहिरातीतला मुख्य दावाच खोटा असतो; मग साज कितीही खरा आणि सोने कितीही चोख असो. अशा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्या व्यक्तीचा चेहरा वापरला, तिचा स्वतःच्या नावावर आणि रूपावर असलेला हक्क हा त्याहून निराळा आणि तितकाच गंभीर विषय आहे.

आपल्या धंद्याला अगदी लागू पडणारा एक निकाल सांगतो. टायटन कंपनीने तनिष्कच्या हिऱ्यांच्या दागिन्यांच्या जाहिरातीसाठी अमिताभ आणि जया बच्चन यांच्याशी करार केला होता. एका सराफाने तशीच जाहिरात आपल्या होर्डिंगवर लावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि 2012 मध्ये निकाल लागला. प्रसिद्ध व्यक्तीच्या ओळखीचा व्यापारी उपयोग कोणाला करू द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे, असे न्यायालयाने मानले, आणि असा भंग ओळखण्यासाठी दोन गोष्टी पाहिल्या: त्या व्यक्तीला असा हक्क आहे का, आणि जाहिरातीतून ती ओळखू येते का.

दुसऱ्या कसोटीकडे नीट लक्ष द्या, कारण आपली मंडळी नेमकी तिथेच पळवाट शोधतात. नाव गाळायचे आणि लिहायचे, 'त्या गाजलेल्या चित्रपटातल्या नायिकेसारखी दिसणारी, तोच हिरवा शालू, गालावर तसाच तीळ.' कसोटी नाव छापले का ही नाही, माणूस ओळखू येतो का ही आहे. उलट अशी ओळख सांगणारी खूण एकेक करून लिहिली, तर साम्य योगायोगाने आले असे म्हणायची सोयही आपण स्वतःच्या हाताने घालवतो.

आवाजाच्या बाबतीत हे फार आधी घडून गेले आहे. अमेरिकेत फोर्ड मोटारींच्या जाहिरातीसाठी गायिका बेट मिडलर यांना विचारले गेले आणि त्यांनी नकार दिला. तेव्हा जाहिरात संस्थेने त्यांच्याच पूर्वीच्या सहगायिकेला बोलावले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणाशी जितके जमेल तितके जुळवून गायला सांगितले. गाण्याचे हक्क रीतसर घेतलेले होते, जाहिरातीत मिडलर यांचे नाव नव्हते, चित्र नव्हते. तरीही 1988 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटले की माल विकण्यासाठी सुप्रसिद्ध गायिकेच्या वेगळ्या आवाजाची मुद्दाम नक्कल करणे म्हणजे तिच्या मालकीची वस्तू घेणे होय. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण त्यातली 'तिच्यासारखे गा' ही सूचना लक्षात घ्या. त्या काळी ती तोंडी दिली जात असे आणि साक्षीदारांकडून काढून घ्यावी लागे. आज ती आपण प्रॉम्प्ट म्हणून टाइप करतो आणि ती बहुतेकदा आपल्या खात्याच्या इतिहासात तशीच राहते. आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अरिजित सिंह यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करून देणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखले. आज त्याच न्यायालयाचे सर्किट बेंच आपल्या गावात बसते.

इथे एक प्रश्न हमखास येतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र जाहिरातीत चालेल का? 1950 च्या बोधचिन्हे आणि नावे यांविषयीच्या कायद्याच्या अनुसूचीत महाराजांचे नाव आणि चित्र आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय त्यांचा व्यापारासाठी उपयोग करता येत नाही. म्हणून त्या वाटेला जाऊच नये.

मग करायचे काय? आपल्या उदाहरणातली दसऱ्याची जाहिरात पुन्हा पहिल्यापासून करू. प्रथम दागिना. परंपरेप्रमाणे साजात 21 पाने: दशावतारांची 10, अष्टमंगलाची 8, माणिक आणि पाचूची 2 आणि एक डोरले. चित्र काढणाऱ्या साधनाला 'कोल्हापुरी साज' म्हटले की ते सोनेरी पानांची कसलीतरी माळ काढते. पाने मोजा, आकार पाहा, मासा आणि कासव शोधा, म्हणजे फरक लगेच कळेल. त्यामुळे दागिन्याचा फोटो खराच घ्यावा: पेढीतला साज, खिडकीजवळचा मऊ उजेड आणि गडद कापड. संगणकाकडून फक्त पार्श्वभूमी मागावी:

```
सणाची सकाळ, जुन्या वाड्याचा लाकडी दरवाजा,
झेंडूचे तोरण, मऊ पिवळा उजेड.
चित्रात एकही माणूस नको, अक्षरे नकोत,
मधली जागा मोकळी ठेवावी.
```

त्या मोकळ्या जागेत खऱ्या साजाचा फोटो बसवायचा. गळ्यात घातलेलाच साज दाखवायचा असेल, तर हनुवटीच्या खालचा फोटो पुरतो. नऊवारीचा काठ आणि साज एवढे दिसले की गिऱ्हाईक आपल्या आईला, मावशीला त्यात पाहते. मला स्वतःला हीच मांडणी सगळ्यांत आवडते.

चेहरा हवाच असेल, तर पेढीतल्या कारागिराचा किंवा नेहमीच्या ग्राहक ताईंचा घ्यावा, पण लेखी संमतीने. त्या कागदावर फोटो फ्लेक्सवर, वर्तमानपत्रात की मोबाइलवर वापरणार, किती महिने वापरणार, मोबदला किती आणि संगणकाने त्या चेहऱ्यात बदल करण्यास परवानगी आहे की नाही, हे स्पष्ट असावे. शेवटचे कलम बहुतेक छापील नमुन्यांत नसते, ते हाताने लिहून घ्यावे. साधनाने काल्पनिक चेहरा दिला, तरी छापण्यापूर्वी तो उलट चित्रशोधात टाकून पाहावा आणि पेढीतल्या चारजणांना 'ही कोण?' एवढेच विचारावे. दोघांच्या तोंडून एकच प्रसिद्ध नाव आले, तर ते चित्र टाकून द्यावे. नाक थोडे बदलून भागत नाही, कारण ज्या साम्यामुळे त्या दोघांना नाव सुचले, ते बहुधा नंतरही उरते.

आणि खरोखरच एखादी नामवंत व्यक्ती हवी असेल, तर तिच्या व्यवस्थापकाशी बोलून करार करावा. त्यात पेढीचे नाव, दागिना, मुदत आणि संगणकीय बदलांची मर्यादा लिहिलेली असावी. त्या करारावर सही झाल्यावरच तिचे नाव प्रॉम्प्टमध्ये लिहावे, तेही करारात दिलेल्या मर्यादेत.