एजन्सी बंद, माल गोडाऊनमध्ये: वितरकाचं पत्र

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं गोडाऊन. छताला टेकलेले बिस्किटांचे खोके.)

निवेदन:
सकाळी एरिया मॅनेजरचा मेल येतो. आजपासून तुमची एजन्सी बंद, उद्यापासून नवा वितरक माल उचलेल. दुपारपर्यंत ऑर्डरच्या ॲपचं लॉगिनही चालेनासं होतं. गोडाऊनमधला माल मात्र रोख पैसे भरून घेतलेला असतो.

समजा, हा वितरक सोलापूर जिल्ह्यातला आहे. यातले आकडे आपण उदाहरणादाखल धरले आहेत, पण अडचण मात्र नेहमीची आहे.

(दृश्य: टेबलावर कोरा लेटरहेड, शेजारी एजन्सीचा करार.)

संतापात पहिली ओळ सुचते, ‘आमची एजन्सी परत द्या.’ पत्राचा भर त्या मागणीवर ठेवू नये. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात करार ३० दिवसांच्या नोटिशीने संपवता येणारा होता. लवादाने डीलरशिप परत द्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ते रद्द केलं आणि नोटिशीच्या ३० दिवसांपुरतीच भरपाई धरली. म्हणून आधी करारातलं नोटिशीचं कलम वाचायचं आणि मागणी पैशांची करायची.

आता मालाचं. इथे वितरकाला धक्का बसतो. बहुतेक करारांत वितरक हा कंपनीचा एजंट नसतो, तो माल विकत घेणारा व्यापारी असतो. बिल झालं की माल त्याचा. त्यामुळे करारात परतीचं कलम नसेल, तर न विकलेला माल परत घ्यायला कायदा कंपनीला आपोआप भाग पाडत नाही. मग आधार दोन. पूर्वी कंपनीने माल परत घेतल्याच्या क्रेडिट नोटा आणि मेल हा एक. दुसरा अधिक भक्कम आहे: कराराप्रमाणे नोटीस मिळाली असती, तर शेवटचा माल उचललाच नसता आणि उरलेला त्या मुदतीत विकला असता. बंदीच्या आठ दिवस आधी टार्गेटसाठी माल टाकायला सांगणारा मॅनेजरचा मेसेज असेल, तर तो पत्राला जोडलाच पाहिजे.

(दृश्य: खोक्यावरचा बॅच नंबर, एक्स्पायरीची तारीख.)

पत्राआधी मोजणी. कंपनीच्या प्रतिनिधीला लेखी बोलवायचं. तो आला नाही, तर दोन साक्षीदारांसमोर मोजून तारखेसह फोटो काढायचे. प्रत्येक बॅचपुढे खरेदीच्या बिलाचा नंबर हवा. आधीच्या आर्थिक वर्षातल्या बिलावर कर कमी करणारी क्रेडिट नोट कंपनीला पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच दाखवता येते, तेव्हा जुनी बिलं वेगळी काढलेली बरी.

आपल्या वितरकाचा हिशोब असा: माल खरेदीच्या दराने ९ लाख ६० हजार, स्कीम आणि खराब मालाचे अडकलेले क्लेम २ लाख ३५ हजार, डिपॉझिट ३ लाख. बेरीज १४ लाख ९५ हजार. कंपनीचं शेवटचं बिल १ लाख ८० हजार देणं आहे, ते त्याने स्वतःच वजा केलं. मागणी उरली १३ लाख १५ हजारांची. ही वजाबाकी लपवणाऱ्याचं पत्र कंपनीचा अकाउंटंट पहिल्याच नजरेत बाजूला ठेवतो.

(दृश्य: पत्राचा मजकूर पडद्यावर.)

‘महोदय, ही रक्कम १५ दिवसांत द्यावी. न दिल्यास या पत्राच्या तारखेपासून वार्षिक १२ टक्के व्याज मागण्यात येईल.’ हे वाक्य गाळू नये. करारात व्याजाचा किंवा पैसे देण्याच्या तारखेचा उल्लेख नसेल, तर १९७८ च्या व्याज कायद्याखाली न्यायालय लेखी मागणीच्या तारखेपासूनच व्याज धरू शकतं. दर किती द्यायचा, ते न्यायालय ठरवतं.

‘मुदतीत माल न उचलल्यास आम्ही तो मिळेल त्या भावाने विकू आणि फरक आपल्याकडून मागू.’ हेही हवं. माल नासू देऊन पूर्ण किंमत मागता येत नाही. नुकसान कमी ठेवण्यासाठी जे करता आलं असतं, ते केलं का, हे करार कायद्याच्या ७३ व्या कलमानुसार पाहिलं जातं.

एजन्सी घेताना दिलेले कोरे चेक नंबरनिशी परत मागायचे. हिशोब सुटायच्या आत कंपनीने ते बँकेत टाकले आणि परत आले, तर फौजदारी तक्रार वितरकावरच येते.

पत्र स्पीड पोस्टाने, पोहोचपावतीसह, कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर जातं आणि मेलवरही.

उत्तर बहुधा फोनवर येतं. ‘डिपॉझिट लगेच सोडतो, फक्त ‘काही बाकी नाही’ या कागदावर सही करा.’ तीन लाखांच्या निकडीपोटी लोक सही करतात आणि उरलेल्या दहा लाखांचा दावा त्याच कागदाने अडचणीत येतो. डिपॉझिट जरूर घ्यावं, पण पावतीवर स्पष्ट लिहून: ‘फक्त डिपॉझिटपोटी मिळाले, माल आणि क्लेमची मागणी कायम.’