भिंतीतून उघडणारी जेवणाची जागा

[दृश्य: डोंबिवलीतलं स्वयंपाकघर. ओट्यावर पोळ्या चाललेल्या.]

डोंबिवलीतला वन बीएचके. स्वयंपाकघर सात फूट रुंद, नऊ फूट लांब. घरात माणसं चार: नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि आजी. सकाळी मुलीचा डबा, तिचा नाश्ता आणि आजीचा चहा या तिन्ही गोष्टी एकाच अर्ध्या तासात येतात, आणि बशी ठेवायला ओट्यावर वीतभरही जागा उरत नाही. जेवणाचं टेबल घ्यायचं म्हटलं तर ते बाहेरच्या खोलीत मावतं, पण मग रात्री अंथरूण कुठे घालायचं?

म्हणून या घरानं स्वयंपाकघरातच, ओट्यासमोरच्या भिंतीवर, घडी होणारी फळी बसवायचं ठरवलंय. काम दोन दिवसांचं आहे. वेळ खरा गेला तो मोजमापात.

[दृश्य: जमिनीवर पसरलेली टेप.]

भिंतीपासून भिंतीपर्यंत ८४ इंच. त्यातले २४ ओट्याने घेतले, राहिले ६०. फळी उघडली की १६ इंच बाहेर येणार, म्हणजे मधे ४४. बसलेला माणूस फळीच्या कडेपासून साधारण वीस इंच मागे येतो. उरलेल्या २४ इंचांत ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटता येतात, मात्र कुणाला पाठीमागून जायचं असेल तर बसलेल्याला स्टूल पुढे ओढावं लागेल. हे या घराला चालणार आहे. तुमचं स्वयंपाकघर सहाच फूट रुंद असेल, तर हाच हिशोब १२ इंचांवर येऊन थांबतो. अशा वेळी समोरची भिंत सोडून द्यावी आणि खिडकीखालची आखूड बाजू पाहावी.

फळी १६ इंचच का? आपलं जेवणाचं ताट ११-१२ इंचांचं असतं. त्याच्यापुढे पाण्याचा पेला आणि आमटीची वाटी. बारा इंचांच्या फळीवर ताट बसतं खरं, पण पेला कडेला लटकतो आणि मुलाच्या कोपराचा धक्का लागला की खाली. लांबी चार फूट, दोन माणसांसाठी. चौघं एकत्र इथं बसणार नाहीत, आणि ते आधीच मान्य केलेलं बरं. रात्रीची पंगत बाहेरच्या खोलीत, जमिनीवरच.

[दृश्य: आजी स्टुलावर बसून पाहतात. पाय अधांतरी.]

आता उंची. मिस्त्रींचं पहिलं म्हणणं असं:

"ताई, ओट्याच्या लेव्हललाच घेऊ. चौतीस इंच. एका रेषेत छान दिसतं."

दिसतं छानच. पण ३४ इंचांच्या फळीला २४ इंचांचं उंच स्टूल लागतं. आजींना त्यावर बसवून पाहिलं, तर पाय जमिनीला टेकेनात.

"मी काय झाडावर बसून चहा पिऊ?" आजींनी विचारलं, आणि विषय तिथेच मिटला.

फळी ३० इंचांवर आली, बसायला १८ इंचांचं साधं स्टूल. बसायची जागा आणि फळी यांत १०-१२ इंचांचं अंतर असलं की हात नीट टेकतो आणि गुडघेही मोकळे राहतात. उंच काउंटर तरुण माणसांच्या घरी शोभतो. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर माझं मत सरळ ३० इंचांना.

[दृश्य: ड्रिल. भिंतीतून पडणारी भुकटी.]

सगळ्यात महत्त्वाची ती भिंत. ड्रिलमधून लाल भुकटी पडली तर वीट. बिट आत शिरायलाच तयार नसेल तर काँक्रीट. इथे पडली ती करडी-पांढरी, पिठासारखी मऊ. म्हणजे सिपोरेक्सचे ब्लॉक. नव्या इमारतींत ते सर्रास असतात. वजनाला हलके, आणि खिळा-स्क्रू धरून ठेवायला कच्चे.

फळीवर ताटाचं वजन फारसं नसतं. खरा भार येतो तो माणूस उठताना. आजी कडेवर हात रोवून उठतात, तेव्हा ३० किलोंचा रेटा भिंतीपासून १६ इंचांवर पडतो असं धरू. फळीखालचा आधार १२ इंच उंच असेल, तर वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपटणारी ओढ होते सुमारे ४० किलोंची. तोच आधार ८ इंचांचा घेतला तर ओढ ६० किलोंवर जाते. म्हणून आधार उंच हवा. बाजारात मिळणारे छोटे, चकचकीत ब्रॅकेट दिसायला नाजूक असतात, पण अशा रेट्यात आखूडपणाच नडतो.

सिपोरेक्समध्ये प्लास्टिकचा साधा प्लग ही ओढ फार दिवस सोसत नाही. फळीखाली पांढरी भुकटी दिसू लागते, पुढची कड थोडी उतरते, आधाराच्या वरच्या टोकाशी फट पडते. यांतलं एकही दिसलं तर फळी वापरणं बंद करावं.

मिस्त्रींनी इथे बोल्ट आरपार घेतले. भिंतीपलीकडे बाहेरची खोली आहे. तिथे प्रत्येक बोल्टमागे रुंद लोखंडी पट्टी लावली, आणि ती टीव्हीच्या कपाटामागे झाकली गेली. भोक पाडण्याआधी स्विचबोर्डची वायर आणि नळाची लाइन कुठून गेलीय हे पाहिलं. बोर्डाच्या सरळ खाली आणि सरळ वर भोक पाडायचं नाही, हा त्यांचा नियम.

[दृश्य: फळी उघडते, बंद होते. पुन्हा उघडते.]

रचना अशी. भिंतीलगत चार इंचांची कायमची पट्टी. तिच्या पुढच्या कडेला स्टीलच्या लांब बिजागरीवर बारा इंचांची फळी, जी खाली लोंबते. मागे दाराच्या फळ्यांसारखे फिरणारे दोन तिकोनी आधार. फळी उचलायची, आधार बाहेर काढायचे, झालं. बंद असताना सगळं मिळून भिंतीपुढे चार-पाच इंच येतं.

ती चार इंचांची पट्टी ही सुनेची सूचना, आणि मला ती सगळ्यात शहाणी वाटते. घडीची फळी बहुतेक घरांत उघडी राहते ती तिच्यावर मीठ, लोणचं, बिस्किटांचा डबा साचतो म्हणून. रोज कोण उचलणार? आठवड्याभरात मिक्सरही तिथेच मुक्कामाला येतो. इथे लोणच्याची बरणी पट्टीवरच राहते आणि पुढची फळी रिकामी खाली जाते.

प्लाय १८ मिलीमीटरचा, पाण्याला टिकणारा, ७१० शिक्क्याचा. वरून सनमायका, आणि खालूनही. खालची बाजू कोरी सोडली की फळी एका बाजूला वाकते, मग बंद करताना बिजागरी कुरकुरते. चारही कडांना पट्टी चिकटवलेली. बिजागरीच्या फटीत आमटी उतरतेच. तिथे प्लाय उघडा राहिला तर फुगायला तिथूनच सुरुवात होते.

[दृश्य: मिस्त्री हत्यारं आवरताहेत.]

काम संपल्यावर मिस्त्रींनी दहा किलोंच्या तांदळाच्या तीन पिशव्या पुढच्या कडेला रात्रभर ठेवायला सांगितल्या. सकाळी कड जमिनीपासून मोजली, ३० इंचच भरली. मग पिशव्या उतरवल्या आणि मुलीनं पोह्यांची बशी ठेवली. आजींना मात्र पाठ टेकायला हवी होती, त्यामुळे एका स्टुलाच्या जागी आता घडीची खुर्ची येणार आहे.