फुगलेल्या बॅटरीला सुई लावू नका

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतोय. रात्रभर मोबाइल चार्जिंगला ठेवावा का, हे तुम्ही रोज विचारता, म्हणून ते आधी उरकतो. चांगला फोन, चांगला चार्जर असेल तर चालतं. बॅटरी भरली की फोनमधलं सर्किटच चार्जिंग थांबवतं. फक्त उशीखाली किंवा गादीवर नको, उष्णता बाहेर जायला वाट हवी. पॉवर बँक मात्र आपण जागे असतानाच चार्ज करा. स्वस्त पॉवर बँकेतलं सर्किट कसं आहे, हे बाहेरून कळत नाही.

आता ज्यासाठी बसलोय ते. मागच्या व्हिडिओखाली एकाने लिहिलंय, "फुगली की सुईने हवा काढतो, पुन्हा चालते." अहो, ती हवा नसते! आतला इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन तयार झालेला वायू असतो आणि त्यात पेट घेणारे वायूही असतात.

रामबागेतल्या माझ्या आत्याचं सांगतो. शिकवण्यांसाठी तिचा लॅपटॉप दिवसरात्र चार्जरला जोडलेला, त्यात मे महिन्याचा उकाडा. टचपॅड क्लिक होईना. दुकानदाराने टचपॅड बदलून दिला. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. मी लॅपटॉप बंद करून काचेच्या टेबलावर ठेवला, एका कोपऱ्याला बोट टेकवलं, तर तो डुगडुगला. बॅटरी टचपॅडच्या खालीच होती, ती फुगून त्याला वर ढकलत होती.

"आत्या, चार्जर काढ आधी."
"अरे, पण चालतोय की!"

फसगत होते ती इथेच. फुगलेली बॅटरी बऱ्याचदा चालत राहते. फोनमध्ये बघायचं तर स्क्रीन आणि कडा यांच्यात फट दिसते. पॉवर बँक फुगली की सपाट ओट्यावर तिचं पोटच टेकतं, कडा टेकत नाहीत, आणि ती गोल फिरते.

तर सुई का नको? बॅटरीत दोन थरांमध्ये केसाहूनही पातळ पडदा असतो. सुई तो फाडते, थर एकमेकांना भिडतात, शॉर्ट होतो आणि क्षणात आग. दाबून झाकण बसवलंत, वर पुस्तकं ठेवलीत, तरी त्याच पडद्यावर ताण येतो. फ्रीजरमध्ये ठेवूनही तो वायू जिरत नाही. म्हणून टोचू नका, दाबू नका.

आम्ही लॅपटॉप बंद केला, गॅलरीतल्या फरशीवर लोखंडी घमेल्यात वाळू टाकून त्यावर ठेवला, दारं-खिडक्यांच्या कापडी पडद्यांपासून लांब. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला नेला आणि जुनी बॅटरी तिथेच दिली. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात ती कधीच टाकू नका, पुढे ती कुठेतरी दाबली जाणारच. आपल्याकडच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, पण फुगलेली बॅटरी देताना गाडीवाल्या दादांना तसं सांगूनच हातात द्या.

नवी बॅटरी बसल्यावर आत्याच्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा लावून दिली. सतत 100 टक्के भरलेली आणि तापलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. आता दर महिन्याला तीच मला फोन करून सांगते, "ठेवला टेबलावर. डुगडुगत नाहीये."