निवृत्तीचा संदेश श्रद्धांजलीसारखा का दिसतो? ऑफिसच्या ग्रुपवर निरोप लिहिताना

नमस्कार. आज आपण ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिल्या जाणाऱ्या एका संदेशाविषयी बोलणार आहोत. आपल्यासोबत वर्षानुवर्षे काम केलेले सहकारी सेवानिवृत्त होतात, तेव्हा त्यांच्यासाठी लिहिला जाणारा हा निरोप असतो. तो लिहिणाऱ्याच्या मनात आदर असतो आणि मजकुरातही वावगे काही नसते. तरीही तो उघडल्यावर वाचणाऱ्याच्या काळजात क्षणभर धस्स होते, कारण तो निरोपाचा नव्हे, तर श्रद्धांजलीचा संदेश वाटतो.

असे का होते, हे आधी स्क्रीनवर पाहू.

[स्क्रीनवर: मध्यभागी एकट्या व्यक्तीचा पासपोर्ट आकाराचा फोटो, त्याखाली 💐🙏, त्याखाली मजकूर: "आपल्या कार्यालयाचे ज्येष्ठ सहकारी. अत्यंत मनमिळाऊ, शांत आणि कर्तव्यदक्ष असे त्यांचे व्यक्तिमत्त्व होते. भावपूर्ण निरोप. 💐🙏"]

यातला एकही शब्द चुकीचा नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक ग्रुपांवर कोणी गेल्याची बातमी नेमकी याच मांडणीत येते: वर एकट्याचा फोटो, मग गुणवर्णन, शेवटी "भावपूर्ण" या शब्दाने सुरू होणारी ओळ आणि त्यापुढे पुष्पगुच्छ व जोडलेले हात. ही मांडणी डोळ्यांच्या इतकी सरावाची झाली आहे, की आपण मजकूर वाचण्याआधीच तिचा अर्थ लावून मोकळे होतो. त्यातच फोन कुलूपबंद असताना सूचनेत संदेशाच्या सुरुवातीचाच भाग दिसतो. तिथे फक्त नाव, फुले आणि हात दिसले, तर "निरोप" या शब्दापर्यंत वाचणारा पोहोचतच नाही.

आता एक उदाहरण घेऊन हा संदेश नव्याने लिहू. तहसील कार्यालयातले एक अव्वल कारकून 31 मे रोजी निवृत्त होत आहेत, असे समजू. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. ग्रुपवर तहसीलदार आहेत, नायब तहसीलदार आहेत, मंडळ अधिकारी, तलाठी, शिपाई आणि कोतवालही आहेत. म्हणजे संदेश असा हवा, की तो साहेबांनाही शोभेल आणि कोतवालालाही आपला वाटेल.

31 मे ही तारीख मी मुद्दाम निवडली आहे. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गट क मधील कर्मचारी 58 वर्षे पूर्ण झाल्यावर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतात. ज्यांची जन्मतारीख महिन्याची 1 असते, ते मात्र आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्त होतात. मागच्या पिढीत अनेक मुलांची खरी जन्मतारीख घरात कुणाच्या लक्षात नसे, आणि शाळेत नाव घालताना गुरुजी 1 जून लिहून टाकत. त्यामुळे 31 मे रोजी एकाच कार्यालयातून दोघे-तिघे निवृत्त होताना दिसतात. मग एकच मजकूर नाव बदलून दोन-तीनदा टाकला जातो, आणि घाईत कुठेतरी आधीचे नाव किंवा आधीचे पद तसेच राहते. ज्यांनी सगळी हयात एकेका नोंदीतले नाव तपासण्यात घालवली, त्यांच्याच निरोपात नाव चुकावे, ही गोष्ट फार लागते. म्हणून दोघे निवृत्त होत असतील तर दोन स्वतंत्र संदेश लिहावेत. एखादे वाक्य तरी असे असावे, की ते दुसऱ्याच्या नावापुढे ठेवताच येणार नाही.

ते वाक्य शोधणे हेच या कामातले खरे काम आहे, आणि "मनमिळाऊ", "हसतमुख", "कर्तव्यदक्ष" या शब्दांनी ते होत नाही. भाऊसाहेबांचे एखादे काम डोळ्यांसमोर आणावे लागते. आपले भाऊसाहेब निवडणूक शाखा सांभाळत. मतदानाच्या आदल्या दिवशी पथकांना साहित्य वाटले जाते, तेव्हा बांधून ठेवलेली पिशवीसुद्धा ते पुन्हा उघडायला लावत. पितळी सील, लाख, शाईची बाटली आणि चिन्हांकित मतदार यादी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती मतदान केंद्राध्यक्षांच्या हाती जात नसे. रांगेतली माणसे कुरकुरत, पण दूरच्या केंद्रावर पोहोचल्यावर सील नाही म्हणून रात्री फोन करण्याची पाळी त्यांच्या पथकांवर येत नसे. या एका प्रसंगात त्यांची शिस्तही आली आणि इतरांबद्दलची काळजीही आली. विशेषणे लावण्याची गरजच उरली नाही.

पण हाच प्रसंग मी आता तुम्हाला सांगितला तसा, भूतकाळात आणि तृतीय पुरुषात संदेशात उतरवला, तर पुन्हा तोच घोटाळा होतो. "ते तपासून घेत, ते समजावून सांगत, ते सर्वांना मदत करत" ही वाक्ये एकापुढे एक आली, की माणूस हयात नसल्यासारखे वाटते. उपाय साधा आहे. भाऊसाहेब ग्रुपवरच आहेत, तेव्हा त्यांच्याशीच बोलावे: "आपण आम्हाला शिकवलेत" असे लिहावे. पुढे एखादे वाक्य उद्याचेही असावे. ज्याला उद्या फोन करायचा आहे, त्याच्याविषयी गैरसमज होऊ शकत नाही.

[स्क्रीनवर पूर्ण संदेश]

"*भाऊसाहेब, सेवानिवृत्तीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!* 🎉

आज आपण नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहात. साहित्याची पिशवी कितीही नीट बांधलेली असली, तरी सील आणि यादी स्वतः पाहिल्याशिवाय पथकाच्या हाती द्यायची नाही, हे आपण आम्हाला शिकवलेत. येत्या निवडणुकीतही ती पिशवी आम्ही उघडूनच पाहू. 🗳️

अभिलेख कक्षातला फायलींचा कोणता रुमाल कोणत्या मांडणीवर आहे, हे विचारायला अधूनमधून फोन करू, तेवढा उचलावा. 📂

आता सकाळचा चहा घड्याळाकडे न पाहता घ्यावा, आणि पेरणी उरकली की आम्हालाही शेतावर बोलवावे. ☕🌾

वहिनींना आम्हा सर्वांचा नमस्कार सांगावा. 🙏

आपले,
तहसील कार्यालयातील सर्व सहकारी"

आता यातल्या इमोजींकडे पाहू. पहिली ओळ दोन्ही बाजूंना तारांकन देऊन ठळक केली आहे, आणि त्यात "सेवानिवृत्तीच्या शुभेच्छा" हे शब्द आहेत. कुलूपबंद फोनवरही तेच शब्द आधी दिसतील. 🎉 हे चिन्ह त्या ओळीला लागून आहे, कारण तिथे ते शुभेच्छांचे आहे. तेच चिन्ह "उद्यापासून आपण कार्यालयात नसाल" या वाक्यापुढे आले, तर भाऊसाहेब जाण्याचा आनंद झाल्यासारखे दिसेल. इमोजी ज्या वाक्याला चिकटते त्याचाच भाव घेते, म्हणून ती संदेशाच्या शेवटी ढिगाने ओतू नये. ज्या वाक्यासाठी ती आहे, त्या वाक्याजवळच ठेवावी.

मतपेटी, फाइल, चहाचा कप आणि पिकाची कणसे ही चारही चिन्हे मजकुरात आलेल्या गोष्टींची आहेत. त्यांना कुठल्याही शोकसंदेशात जागा नसते, त्यामुळे ती संदेशाला आपोआप हयात माणसाचा करतात. चिन्ह निवडताना माझी कसोटी एवढीच असते, की ही वस्तू या माणसाच्या आयुष्यात खरोखर आहे का. भाऊसाहेबांची शेती नसेल, तर कणसे काढून टाकावीत. नातवंडे असतील, भजनी मंडळ असेल, तर त्याप्रमाणे चिन्ह घ्यावे.

🙏 हे चिन्ह मी एकदाच वापरले आहे, आणि तेही "नमस्कार" या शब्दाला लागून. युनिकोडमध्ये ते 2010 साली आले, आणि त्याच्या मूळ नावात केवळ हात जोडलेली व्यक्ती एवढेच आहे. म्हणजे नमस्कार, आभार, विनंती, क्षमा आणि श्रद्धांजली हे सगळे अर्थ आपण वापरातून त्यात घातले. जवळच्या शब्दाने त्यातला एक अर्थ पक्का होतो. शब्दाविना सुटे ठेवले, तर वाचणारा सभोवतालावरून ठरवतो, आणि सभोवती फोटो व फुले असतील तर तो काय ठरवेल हे आपण पाहिलेच आहे. पुष्पगुच्छ 💐 वर्ज्य नाही. सत्काराला आपण खरा गुच्छ देतोच, तेव्हा तो "शुभेच्छा" शब्दाजवळ जरूर ठेवावा. मात्र 💐 आणि 🙏 ही जोडी एकत्र टाळावी. पणतीचे 🪔 हे चिन्हही दिवाळीच्या शुभेच्छांत सुंदर दिसते, पण फोटोखाली ठेवल्यावर त्याचा अर्थ फिरतो.

रडणारा चेहरा 😭 वरिष्ठांसाठीच्या औपचारिक संदेशात अतिशयोक्त वाटतो, आणि अशा मांडणीत तोही दुःखद बातमीकडेच बोट दाखवतो. हात हलवणारे 👋 हे चिन्ह बरोबरीच्या मित्राला चालते, तीस वर्षे सेवा केलेल्या ज्येष्ठाला ते तुटक वाटते. निवृत्त होणाऱ्या मॅडम असतील, तर लाल हृदय आणि एकटा गुलाब यांच्याऐवजी 🌸 किंवा 🌼 घ्यावे, म्हणजे पाठवणाऱ्यालाही संकोच वाटत नाही.

फोटोची बाब थोडक्यात सांगतो. पासपोर्ट फोटो नको, कृष्णधवल तर नकोच. सत्काराचा फोटो घ्यायचा असेल, तर कापून फक्त चेहरा आणि गळ्यातला हार ठेवू नये. शाल-श्रीफळ देणारे हात आणि बाजूला उभे असलेले चार सहकारी दिसू द्यावेत.

संदेश उत्तम जमला, तरी एक अडचण उरते, ती म्हणजे त्याखालची रांग. पहिला माणूस 💐🙏 टाकतो, दुसरा तेच टाकतो, आणि पाहता पाहता चाळीस जणांचे गुच्छ आणि हात जमतात. मूळ संदेश वर सरकून जातो. दुपारी रजेवरचा एखादा तलाठी ग्रुप उघडतो, त्याला शेवटचा पडदाभर फुलेच दिसतात, आणि तो घाबरून कुणाला तरी फोन लावतो. म्हणून संदेशाखाली लगेच एक ओळ लिहावी: "ज्यांना भाऊसाहेबांची एखादी आठवण लिहायची असेल, त्यांनी एका ओळीत अवश्य लिहावी, इतरांनी वरच्या संदेशावरच प्रतिक्रिया द्यावी." व्हॉट्सॲपवर संदेश दाबून धरला, की त्यावरच इमोजी लावता येते, आणि ही सोय 2022 पासून आहे. सगळ्यांच्या भावना एका जागी राहतात आणि आठवणींच्या ओळी वाचायला मोकळी जागा उरते.

संदेश टाकण्याची वेळही पाहावी. 31 मेला कार्यालय सुरू असताना, शक्यतो निरोप समारंभाच्या आधी तो यावा, म्हणजे भाऊसाहेब ग्रुपवर असतानाच तो वाचतील आणि उत्तर देतील. त्यांचे उत्तर येण्याआधी त्यांना ग्रुपमधून काढू नये. ग्रुपवर संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय सुरू असेल, तर ती आधी बंद करावी, कारण नंतर बंद केल्याने आधीचा संदेश टिकत नाही. आणि भाऊसाहेबच ग्रुपचे एकमेव ॲडमिन असतील, तर त्यांच्याकडून दुसऱ्या कुणाला तरी ॲडमिन करून घ्यावे. तसे न करता ते बाहेर पडले, तर व्हॉट्सॲप स्वतःच एखाद्या सदस्याला ॲडमिन करते, आणि ती व्यक्ती तुम्हाला हवी तीच असेल असे नाही.